आयतालेखाचा उभा अक्ष नेमकं काय मोजतो?

गेल्या महिन्यात लेकीच्या ए-लेव्हलच्या मॉक परीक्षेचा पेपर घरी आला. संख्याशास्त्राच्या भागात आयतालेखाचा, म्हणजे हिस्टोग्रॅमचा प्रश्न होता. वर्ग असमान रुंदीचे. तिचे तीन गुण गेले होते. "मला फॉर्म्युला येत होता," ती वैतागून म्हणाली, आणि तो बरोबर म्हणूनही दाखवला: वारंवारता घनता म्हणजे वारंवारता भागिले वर्गाची रुंदी. मी विचारलं, "या घनतेचं एकक काय?" ती म्हणाली, "एकक नसतं, बाबा. ती नुसती फ्रीक्वेन्सी डेन्सिटी असते."

या उत्तरावर मी दोन दिवस विचार करत होतो. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. इथल्या प्रश्नपत्रिकांत उभ्या अक्षावर 'फ्रीक्वेन्सी डेन्सिटी' एवढंच छापलेलं असतं, आणि कित्येकदा तर त्यावर आकडेही नसतात. ते विद्यार्थ्यानेच शोधून काढायचे असतात. महाराष्ट्रात अकरावीला मी हाच धडा शिकलो तेव्हा आमच्याकडे घनता हा शब्दच नव्हता. 'समायोजित वारंवारता' होती, आणि तीही पाठ होती. दोन देश, दोन सूत्रं, मध्ये तीस वर्षं, आणि दोन्हीकडे एकच गोष्ट सांगायची राहून गेलेली: त्या अक्षाला एकक असतं, आणि ते एकक कळलं की सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही.

माझं म्हणणं एका उदाहरणातून सांगतो. आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून मी घेतलेले आहेत, पण प्रसंग इथे राहणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. रविवारच्या मराठी शाळेत ६० कुटुंबं येतात असं समजा. प्रत्येकाला विचारलं, घरापासून इथवर यायला किती मिनिटं लागतात? उत्तरं जवळच्या पूर्ण मिनिटात लिहून घेतली. सर्वांत जवळचं घर चालत तीन मिनिटांवर, सर्वांत लांबचं मोटरवेने ५८ मिनिटांवर.

आता ही ६० उत्तरं सारणीत बसवायची. सरळ विचार म्हणजे पाच-पाच मिनिटांचे बारा वर्ग. पण करून बघितलं की अडचण दिसते. अकरा ते वीस मिनिटांच्या पट्ट्यात गर्दी आहे, तिथे पाचाचा वर्ग छान चालतो. तीस मिनिटांच्या पुढे मात्र दोन, शून्य, एक, असे तुरळक आकडे येतात, आणि त्यांचे चढउतार म्हणजे निव्वळ योगायोग. बरं, सगळे वर्ग पंधराचे केले तर शेपूट नीट दिसतं, पण गर्दीच्या भागातला सगळा तपशील एका ठोकळ्यात गडप होतो. म्हणून जिथे माहिती दाट तिथे अरुंद वर्ग आणि जिथे विरळ तिथे रुंद वर्ग, ही असमान वर्गांमागची साधी व्यवहारबुद्धी. ताळ्याच्या खुणा करून सारणी अशी झाली:

| वेळ (जवळचं मिनिट) | कुटुंबं |
|---|---|
| १–१० | ८ |
| ११–१५ | १२ |
| १६–२० | १४ |
| २१–३० | १४ |
| ३१–६० | १२ |

या सारणीवरून पुष्कळ मुलं (आणि मोठी माणसंही) पटकन जे चित्र काढतात ते असं: आडव्या अक्षावर वेळ, वर्गाच्या रुंदीचे आयत, आणि उंची म्हणजे कुटुंबांची संख्या. म्हणजे उंची ८, १२, १४, १४, १२. चित्रात सगळ्यांत ठळक काय दिसतं? उजवीकडचा तीस मिनिटं रुंद आणि १२ उंच असा अजस्र ठोकळा. त्याचं क्षेत्रफळ ३६०, आणि सगळ्या आयतांचं मिळून ७१०. साठांपैकी बारा, म्हणजे एक पंचमांश कुटुंबं, आणि त्यांनी चित्रातली निम्म्याहून जास्त शाई खाल्लेली. हे चित्र पाहून कुणीही म्हणेल की आपली शाळा भलत्याच ठिकाणी आहे, बहुतेकांना लांबून यावं लागतं, जागा बदला. समितीच्या बैठकीत असं चित्र पडद्यावर आलं तर त्यावर ठरावसुद्धा होऊ शकतो.

इथे आपल्या भाषेचा एक फायदा आहे, तो वर्गात कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. मराठीत बार चार्टला स्तंभालेख म्हणतात आणि हिस्टोग्रॅमला आयतालेख. स्तंभाची आपण उंची बघतो, जाडी नाही. आयत म्हटला की मात्र लांबी, रुंदी आणि क्षेत्रफळ आलंच. कार्ल पिअरसनने १८९५ च्या आपल्या शोधनिबंधात वापरलेला 'हिस्टोग्रॅम' हा इंग्रजी शब्द हे काहीच सांगत नाही. आपला शब्द सांगतो. आयतालेखात वारंवारता म्हणजे क्षेत्रफळ. मग उंची किती घ्यायची हे वेगळं पाठ करायला नको. क्षेत्रफळ १२ हवं आणि रुंदी ३० मिनिटं आहे, तर उंची १२ भागिले ३०, म्हणजे ०.४. आणि हे ०.४ काय आहे? कुटुंबं भागिले मिनिटं. *दर मिनिटाला ०.४ कुटुंबं.* त्या पट्ट्यात कुटुंबं किती दाट बसली आहेत त्याचं हे माप. लोकसंख्येची घनता आपण दर चौरस किलोमीटरला माणसं अशी सांगतोच ना, तसंच हे.

पाचही वर्गांचं काढलं तर उंची अनुक्रमे ०.८, २.४, २.८, १.४ आणि ०.४ येते. चित्र पार बदलतं. पंधरा-वीस मिनिटांपाशी शिखर, डावीकडे थोडा उतार, आणि उजवीकडे लांबच लांब सखल शेपूट. शाळा जिथे आहे तिथे ठीक आहे.

अर्धं अपूर्णांकी कुटुंब कुठे असतं का, असा प्रश्न इथे हमखास येतो. एकक न सांगितल्याचा हा परिणाम. ताशी ७० मैल वेगाने जाणारी गाडी एका तासात ७० मैल गेलेली असलीच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. ती दहाच मिनिटं धावली असेल. दर मिनिटाला ०.४ कुटुंबं हेही तसंच.

आता समायोजित वारंवारतेकडे येतो, कारण भारतात शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात तीच बसलेली आहे आणि मुलांना शिकवताना तिथेच वाद होतात. रीत अशी: सर्वांत अरुंद वर्ग शोधा, इथे तो पाच मिनिटांचा. मग प्रत्येक वारंवारतेला पाचाने गुणा आणि त्या वर्गाच्या रुंदीने भागा. उंची येते ४, १२, १४, ७ आणि २. इथली मुलं म्हणतात हे चूक आहे, आई-वडील म्हणतात आम्हाला यातच पूर्ण गुण मिळाले. दोघांचं भांडण फुकटचं आहे. ०.८, २.४, २.८, १.४, ०.४ या प्रत्येकाला पाचाने गुणलं की दुसरी यादी मिळते. आकार तोच, फक्त एकक 'दर मिनिटाला' ऐवजी 'दर पाच मिनिटांना' झालं.

एनसीईआरटीच्या नववीच्या गणितात याचं एक छान उदाहरण आहे. शंभर गुणांच्या परीक्षेतले ९० विद्यार्थी, पहिला वर्ग ० ते २० आणि शेवटचा '७० व त्यापुढे', मधले सगळे दहाचे. पहिल्या वर्गात सात विद्यार्थी आहेत, आणि आयताची उंची ३.५ येते. शेवटच्या वर्गात आठ विद्यार्थी, तो ७० ते १०० असा तीस रुंद, म्हणून उंची साधारण २.६७. ही लांबी 'दर दहा गुणांमागे' आहे, हे पुस्तक स्वच्छ सांगतं. पण ते एका वाक्यात येतं, सगळं गणित झाल्यावर. अकरावीच्या अर्थशास्त्राच्या संख्याशास्त्रात तेच पुस्तकवाले सरळ वारंवारता घनतेवर येतात, आणि मुलाला वाटतं की हे काहीतरी नवीन आहे. ते एक वाक्य जर पहिल्यांदा आलं असतं तर दोन वर्षांनी दुसरं सूत्र पाठ करावं लागलं नसतं.

लेकीचे तीन गुण मात्र घनतेत गेले नव्हते. ते रुंदीत गेले. तिच्या पेपरमध्येही वर्ग ११–१५ अशाच पद्धतीचे होते, आणि तिने १५ मधून ११ वजा करून रुंदी ४ घेतली होती. ही चूक फार जुनी आहे आणि मला वाटतं घनतेपेक्षा जास्त मुलं इथे पडतात. जवळच्या मिनिटात लिहिलेलं ११ म्हणजे खरी वेळ १०.५ पासून पुढे कुठेही असू शकते, आणि १५ म्हणजे १५.५ च्या अलीकडे कुठेही. म्हणून वर्गाच्या खऱ्या सीमा १०.५ आणि १५.५, रुंदी ५. तसंच १–१० हा वर्ग ०.५ ते १०.५, आणि ३१–६० हा ३०.५ ते ६०.५.

"सगळीकडे एकच कमी झालं, काय बिघडलं?" असा तिचा युक्तिवाद होता. बिघडतं ते असं. पाचाऐवजी चार घेतले तर उंची २५ टक्के वाढते. तीसाऐवजी २९ घेतले तर जेमतेम साडेतीन टक्के. म्हणजे चूक सगळीकडे सारखी पसरत नाही, ती अरुंद वर्गांवर येऊन बसते. आपल्या उदाहरणात शिखर २.८ चं ३.५ होतं आणि शेपूट जवळपास तसंच राहतं. चित्र उगीचच टोकदार होतं. शिवाय आयतांच्या मधे एकेक मिनिटाच्या फटी राहतात. हीच ओळखायची खूण: सलग राशीच्या आयतालेखात दोन आयतांमध्ये फट दिसली की सीमा तपासा.

पण "अर्धा वजा करा, अर्धा मिळवा" हा नियमही डोळे मिटून लावायचा नाही, कारण वय हे वेगळं प्रकरण आहे. आपण वय जवळच्या वर्षात सांगत नाही, पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. सोळा वर्षं अकरा महिन्यांचा मुलगा सोळाचाच असतो. म्हणून १६–१७ या वयोगटाच्या खऱ्या सीमा १६ आणि १८, रुंदी दोन वर्षं. इंग्लंड-वेल्सच्या २०११ च्या जनगणनेतली वयाची एक सारणी या धड्यासाठी मला फार आवडते. तिचे गट असे आहेत: ०–४, ५–७, ८–९, १०–१४, मग एकटं १५, मग १६–१७, १८–१९, २०–२४, २५–२९, आणि एकदम ३०–४४, ४५–५९, मग ६०–६४, ६५–७४, ७५–८४, ८५–८९ आणि शेवटी ९० व त्यापुढे. शाळेची टप्प्यांची वयं, कायद्याची वयं, निवृत्तीची वयं, अशा सोयीने पाडलेले गट. हे असेच्या असे स्तंभालेखात टाकले की तिशी ते साठीपर्यंत दोन मनोरे उभे राहतात आणि पंधराव्या वर्षी खड्डा पडतो, जणू देशात पंधरा वर्षांची मुलंच नाहीत. खड्डा केवळ एवढ्यासाठी की तो गट एका वर्षाचा आहे आणि मनोरे पंधरा-पंधरा वर्षांचे. आणि गंमत बघा, वरची मर्यादा वजा खालची मर्यादा हा लेकीचा नियम इथे लावला तर १५ वजा १५, रुंदी शून्य. शून्याने भागायची वेळ आली तेव्हा कुठे तिला तो नियम सोडावासा वाटला.

म्हणून सारणी हातात आली की मी तिला आधी एकच प्रश्न विचारायला लावतो: हा आकडा लिहिला कसा? जवळच्या एककात, खाली उतरवून, की मुळात मोजणीचाच? सारणीच्या डोक्यावर ते एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि तीच ओळ वाचायची राहते.

परीक्षेतला सेंटिमीटरचा प्रश्नही याच धाग्यात सोडवता येतो. तो साधारण असा असतो: ११–१५ या वर्गाचा आयत २ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच काढला आहे, तर २१–३० चा आयत किती रुंद आणि किती उंच? मुलं इथे घनतेचं सूत्र लावून अडकतात, कारण सेंटिमीटर कुठल्याच सूत्रात नाही. क्षेत्रफळाने बघा. पाच मिनिटांना २ सेंटिमीटर, तर दहा मिनिटांना ४. पहिल्या आयताचं क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटर आणि त्यात १२ कुटुंबं, म्हणजे एका कुटुंबाला दीड चौरस सेंटिमीटर. चौदा कुटुंबांना २१, ते ४ ने भागले, उंची ५.२५. घनतेचं नावही न घेता उत्तर आलं. रुंदी चुकून ४ आणि ९ घेतली असती तर दुसऱ्या आयताची रुंदी साडेचार सेंटिमीटर आली असती आणि तिथेच गुण गेले असते.

असमान वर्ग बरोबर मांडले आहेत की नाही हे तपासायची माझी आवडती युक्ती म्हणजे एखादा वर्ग फोडून बघणं. शेवटच्या वर्गातल्या बारा कुटुंबांपैकी समजा नऊ जण ३१–४५ मध्ये आहेत आणि तीन ४६–६० मध्ये. उंचीला वारंवारता मानणाऱ्या चित्रात बारा उंचीचा ठोकळा मोडून नऊ आणि तीन असे दोन बुटके ठोकळे होतात. एकही कुटुंब घर सोडून गेलं नाही, तरी चित्र अर्ध्यावर आलं. घनतेच्या चित्रात ०.४ च्या जागी ०.६ आणि ०.२ येतात, म्हणजे जुनी उंची ही दोन नव्या उंचींची सरासरी होती. उलट दिशेनेही तेच: १६–२० आणि २१–३० एकत्र केले तर साध्या चित्रात २८ उंचीचा मनोरा होईल, घनतेच्या चित्रात २८ भागिले १५, म्हणजे साधारण १.८७, जे २.८ आणि १.४ च्या मध्येच पडतं. वर्ग कसे पाडायचे हा निर्णय सारणी करणाऱ्याचा असतो. त्या निर्णयाने चित्राचा बारीक तपशील बदलावा, पण डोंगर आणि दऱ्या जागा बदलता कामा नयेत.

यातच आणखी एक गोष्ट आहे, ती मला स्वतःला खूप उशिरा जाणवली. आमच्या सारणीतल्या वारंवारता परत बघा: ८, १२, १४, १४, १२. जवळजवळ सारख्या. हा योगायोग नाही. दाट जागी अरुंद आणि विरळ जागी रुंद वर्ग घेतले की प्रत्येक वर्गात साधारण सारखीच संख्या येणार. टोकाला जाऊन प्रत्येक वर्गात बरोबर बारा-बारा कुटुंबं बसतील असे वर्ग पाडले तर वारंवारतेचं चित्र सपाट गच्चीसारखं होईल आणि काहीच सांगणार नाही. म्हणजे वर्ग जितके शहाणपणाने पाडाल तितकी नुसती वारंवारता निरुपयोगी होत जाते. मग सगळी माहिती जाते कुठे? वर्गांच्या रुंदीत. घनता तिला तिथून उचलून उंचीत आणते.

मी आयतालेखाचा फार भोळा भक्त नाही. त्याची मर्यादा याच उदाहरणात आहे. क्षेत्रफळावरून अंदाज काढता येतात: २५ मिनिटांच्या आत किती जण पोचतात? पहिल्या तीन वर्गांचे ३४, अधिक २०.५ ते २५ या साडेचार मिनिटांचे दर मिनिटाला १.४ प्रमाणे ६.३, मिळून सुमारे ४०. मध्यकही असाच: तिसावं कुटुंब १६–२० च्या वर्गात पडतं, त्याआधी २० झालेत, उरलेल्या दहांना २.८ ने भागलं की ३.६ मिनिटं, म्हणजे मध्यक १५.५ च्या पुढे, साधारण १९.१ मिनिटांवर. हे दोन्ही अंदाज बरे आहेत. पण ४५ मिनिटांहून जास्त किती जण, असं विचारलं तर ४५.५ पासून पुढची पंधरा मिनिटं गुणिले ०.४, उत्तर सहा. खरे तीनच होते. आयताचं सपाट डोकं असं गृहीत धरतं की वर्गाच्या आत सगळे समान पसरले आहेत, आणि रुंद शेपटाच्या वर्गात ते जवळजवळ कधीच खरं नसतं. बहुतेक जण अलीकडच्या कडेला दाटलेले असतात. परीक्षेत हे अंदाज कितीही अंशापर्यंत काढायला सांगतात, पण ज्या वर्गात अंदाज काढताय तो किती रुंद आहे हे बघूनच त्यावर विश्वास ठेवावा.

आता माझं मत. समान रुंदीचे वर्ग शिकवतानाच उभ्या अक्षावर एककासहित घनता घ्यावी. सध्या आधी काही वर्षं मुलांना उंची म्हणजे वारंवारता असं शिकवलं जातं, आणि मग एके दिवशी सांगितलं जातं की असमान वर्ग आले की हा नियम मोडतो, हे दुसरं सूत्र घ्या. माझ्या ओळखीच्या एक गणित शिक्षिका याला जोरात विरोध करतात. त्या म्हणतात, समान वर्गांत वारंवारता थेट अक्षावर वाचता येते, 'या गटात चौदा जण' हे एका नजरेत कळतं, ते हातातलं सुख कशाला घालवायचं? त्यांचं म्हणणं खरं आहे. घनतेच्या चित्रात चौदा हा आकडा गुणाकार केल्याशिवाय मिळत नाही. पण तो आकडा सारणीत असतोच की. चित्राकडे आपण आकार बघायला जातो. हवं तर आयताच्या आत संख्या लिहावी. त्यांना हे अजून पटलेलं नाही, आणि त्यांच्यासमोर तीस मुलं असतात, माझ्यासमोर एक, हेही मला मान्य आहे.

शाळा संपल्यावर हे काम सॉफ्टवेअर करतं, म्हणून चिंता नाही असं कुणाला वाटत असेल तर तीही फसगत आहे. एक्सेलच्या तयार हिस्टोग्रॅममध्ये वर्गांची रुंदी एकच ठेवता येते. असमान वर्गांची मोजणी करून तुम्ही साधा कॉलम चार्ट काढलात तर ते सगळे स्तंभ एकाच रुंदीचे काढून मोकळं होतं, म्हणजे रुंदीची माहिती चित्रातून गायबच. आर मात्र शिस्तीचं आहे:

```
b <- c(0.5, 10.5, 15.5, 20.5, 30.5, 60.5)
hist(t, breaks = b)
hist(t, breaks = b, freq = TRUE)
```

दुसरी ओळ असमान वर्ग ओळखून आपण होऊन घनता काढते. तिसऱ्या ओळीत हट्टाने वारंवारता मागितली तर चित्र देते, पण सोबत दटावतेही:

```
the AREAS in the plot are wrong -- rather use 'freq = FALSE'
```

पायथनच्या मॅटप्लॉटलिबला हीच यादी दिली तर `plt.hist(t, bins=b)` निमूटपणे तो तीस मिनिटांचा अजस्र ठोकळा काढून देतं, तक्रार न करता. तिथे `density=True` आपण लिहायचं. मग एकूण क्षेत्रफळ १ होतं, म्हणजे उंची 'दर मिनिटाला कुटुंबांचा किती हिस्सा' अशी येते, आपली ०.४ हवी असेल तर ६० ने गुणायचं. आकार अर्थात तोच.

गेल्या रविवारी लेकीने जनगणनेच्या त्या सारणीचा आयतालेख नव्याने काढायला घेतला. उभ्या अक्षावर तिने 'वयाच्या दर वर्षामागे माणसं' असं लिहिलं आणि पंधरा वर्षांचा खड्डा बुजला. शेवटी '९० व त्यापुढे' पाशी येऊन थांबली, कारण तिथे भागायला रुंदीच नाही. एनसीईआरटीच्या उदाहरणात १०० गुणांची भिंत होती, वयाला ती नाही. मी म्हटलं, १०० पर्यंत धर. ती म्हणाली, मग माझ्या चित्रात १०१ वर्षांच्या आजी कुठे गेल्या? शेवटी तिने ९० ते १०० चा आयत तुटक रेषेने काढला आणि खाली लिहिलं, "ही रुंदी मी ठरवली आहे."